साल्मोनेला जिवाणूची रेणवीय पिचकारी : तिसऱ्या प्रकारची स्रवण यंत्रणा

प्रस्तावना :
अनेक रोगकारक जिवाणू आपली प्रथिने बाहेरील द्रवात न सोडता थेट यजमान पेशीच्या आत पोहोचवतात. या यंत्रणेस रेणवीय पिचकारी असे म्हटले जाते. ही उपमा कोठपर्यंत लागू पडते, हे साल्मोनेलाच्या उदाहरणाने स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना :
1998 मध्ये कुबोरी, गालान व सहकाऱ्यांनी साल्मोनेलातून ही यंत्रणा अखंड स्वरूपात विलग केली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिचे प्रथमच दर्शन घडले. जिवाणूच्या दोन्ही पटलांतून आरपार गेलेला कड्यांचा पाया आणि त्यावर बाहेर डोकावणारी पोकळ सुई, असे तिचे स्वरूप आहे. सुईच्या टोकाशी सिपडी हे प्रथिन असते. आतड्याच्या पेशीशी संपर्क येताच सिपबी व सिपसी ही प्रथिने त्या पेशीच्या पटलात छिद्र तयार करतात.

वहन :
येथे उपमेची मर्यादा जाणवते. पिचकारीत दट्ट्या असतो व द्रव दाबाने ढकलला जातो. येथे दट्ट्या नाही. सुईची पोकळी जेमतेम दोन नॅनोमीटरच्या आसपास असल्याने घडी घातलेले प्रथिन तीतून जाऊ शकत नाही. म्हणून पायाशी असलेले इन्व्हसी हे विकर एटीपीची ऊर्जा वापरून प्रथिनाला त्याच्या सहचर प्रथिनापासून सोडवते व त्याची घडी उलगडते. पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनांचा फरकही वहनास ऊर्जा पुरवतो. प्रथिन धाग्याप्रमाणे पुढे सरकते आणि पलीकडे पुन्हा घडी धारण करते. सहज न उलगडणारा भाग प्रथिनास जोडल्यास ते सुईतच अडकते. 2014 मध्ये असे अडकलेले प्रथिन प्रत्यक्ष पाहण्यात आले.

परिणाम :
सोपई हे प्रथिन यजमानाच्या रॅक व सीडीसी42 या नियंत्रक प्रथिनांना सक्रिय करते. पेशीच्या पृष्ठभागावर लाटा उसळतात व त्यांत जिवाणू आत ओढला जातो. एसपीटीपी हे दुसरे प्रथिन नेमके उलट कार्य करते. ते त्याच नियंत्रकांना निष्क्रिय करून पेशी पूर्ववत करते. मग दोन्ही सोबत गेल्यास परस्परांना निष्प्रभ का करत नाहीत? कुबोरी व गालान यांनी 2003 मध्ये याचे उत्तर दिले. दोन्ही प्रथिने सारख्याच प्रमाणात आत जातात, परंतु यजमानाचे प्रोटिएसोम सोपईला लवकर नष्ट करते, तर एसपीटीपी अधिक काळ टिकते. सोपईचा आरंभीचा भाग बदलून तेथे एसपीटीपीचा भाग जोडला असता सोपई टिकून राहिले आणि पेशीतील विस्कळीतपणाही लांबला.

निष्कर्ष :
पिचकारीची उपमा मार्ग दाखवते, क्रिया नव्हे. प्रथिने पोहोचवणे हे यंत्रणेचे काम होय. ती किती काळ कार्यरत राहतील, हे मात्र यजमान पेशीतील विघटनावर अवलंबून असते आणि साल्मोनेला त्याचाच उपयोग करून घेतो.