फोटोतला माणूस आणि फोटो काढणारा

एका ट्रेकिंग साहित्याच्या दुकानाचं इन्स्टाग्राम पान काही काळ मी सांभाळत होते. एका ग्राहकाने आमची सॅक पाठीवर घेऊन कोकणकड्यावरच्या सूर्यास्ताचा फोटो टाकला आणि दुकानाला टॅग केलं. मी त्याला विचारलं, त्याने आनंदाने होकार दिला, त्याचं नाव लिहून मी फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच मित्राचा मेसेज आला, "फोटो मी काढलाय. मला कुणी विचारलंच नाही."

त्याचं खरं होतं. सॅक ग्राहकाच्या पाठीवर होती, पण कॅमेरा मित्राच्या हातात. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारी व्यक्ती. पैसे देऊन काढून घेतलेले फोटो वगैरे अपवाद सोडले, तर पहिला हक्क तिचाच. ट्रेकमध्ये तर बहुतेक चांगले फोटो दुसऱ्याच कुणीतरी काढलेले असतात. टॅग केलं म्हणजे दुकानाला फोटो पाहायला बोलावलं, वापरायला दिला नाही.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरला : "फोटो कुणी काढलाय?" मग काढणाऱ्याला आणि फोटोत दिसणाऱ्याला, दोघांनाही मेसेज. तो साधारण असा : "तुमचा कोकणकड्याचा फोटो आमच्या दुकानाच्या इन्स्टाग्राम पानावर टाकू का? श्रेय कोणत्या नावाने द्यायचं? जाहिरात किंवा फलकासाठी वापरणार नाही. लागला तर वेगळं विचारू. नको वाटल्यास कळवा, काढून टाकू." फोटोत लहान मूल असेल, तर त्याच्या आईवडिलांना विचारायचं. कायद्याला परवाना लेखी लागतो, त्यामुळे फोनवरच्या "चालेल की"वर थांबायचं नाही. मेसेजमधला होकार जपून ठेवायचा. उत्तर आलं नाही, तर तो नकारच समजायचा.

होकार कशासाठी मिळाला, याकडे नीट पाहावं लागतं. पानावर टाकायची परवानगी म्हणजे दिवाळीच्या सवलतीच्या फलकावर छापायची परवानगी नव्हे. तिथे फोटो माल विकायला उभा असतो. काढणाऱ्याशी मोबदल्याचं बोलणं तेव्हाच व्हायला हवं.

श्रेय मजकुराच्या पहिल्या ओळीत द्यावं : "फोटो : अमुक, सोबत : तमुक." फोटोवर बोट ठेवल्यावरच दिसणारा टॅग पुष्कळांच्या नजरेस पडत नाही, आणि हॅशटॅगांच्या तळाशी नाव कुणी शोधत नाही. काढणाऱ्याची सही कापली जाईल असा फोटो छाटायचा नाही आणि त्यावर दुकानाचा शिक्का मारायचा नाही. नाव दिलं म्हणून परवानगीची गरज संपते, हा समज मात्र साफ चुकीचा आहे.

मित्राची मी माफी मागितली आणि पोस्ट त्याच दिवशी काढली. आठवड्याने त्याच्या होकाराने तोच फोटो पुन्हा टाकला, या वेळी पहिलं नाव त्याचं होतं.