कानाला सारखे वाटणारे नाव

व्यापारचिन्हाचा शोध सहसा नावाच्या स्पेलिंगपासून सुरू होतो, आणि बऱ्याचदा तिथेच फसतो. समजा, घरगुती मसाल्यासाठी ‘झणका’ हे नाव ठरले. रोमन लिपीत ते Zanaka, Jhanka किंवा Zhanaka असे कसेही लिहिले जाते. त्यातले एकच रूप टाकून काही सापडले नाही, म्हणजे नाव मोकळे आहे असे होत नाही.

भारताच्या व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर हा शोध सर्वांसाठी खुला आहे. तिथे आधी वर्ग निवडावा लागतो. एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले ३० व्या वर्गात येतात, तर लोणची २९ व्या. एकच दुकानदार दोन्ही विकतो, त्यामुळे दोन्ही वर्ग पाहणे शहाणपणाचे. Wordmark या पर्यायात अक्षरांनुसार आणि Phonetic मध्ये उच्चारानुसार शोध होतो. उच्चाराचा शोधही यंत्र लावते तेवढाच खरा, म्हणून मराठी नावाची रोमनमधली सगळी संभाव्य रूपे एकेक करून टाकावीत. नोंदणी संपून काढून टाकलेले चिन्हही लगेच मोकळे होत नाही. त्यानंतरचे वर्षभर ते सहसा नव्या अर्जाच्या आड येऊ शकते.

उच्चाराला किती वजन आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ च्या एका निकालातून कळते. मद्रासकडच्या एका तपकीर विक्रेत्याचे ‘श्री अंबाळ’ हे चिन्ह नोंदलेले होते. दुसऱ्याने तपकिरीसाठीच ‘श्री आंडाळ’ची नोंदणी मागितली. अंबाळ म्हणजे पार्वती आणि आंडाळ ही वैष्णव संतकवयित्री, म्हणजे अर्थ निराळे, असा त्याचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. तपकीर देशभर विकली जाणार होती, आणि दक्षिणेबाहेरच्या गिऱ्हाइकाला या दोन नावांतला भेद ठाऊक असेलच असे नाही. त्याच्या कानावर पडतो तो जवळजवळ एकच आवाज. दोन्ही नावे शेजारी ठेवून अक्षरे ताडून पाहणे ही कसोटी नव्हे. पहिल्या नावाची अर्धवट आठवण घेऊन दुकानात आलेला सामान्य माणूस फसेल का, हे पाहायचे.

आवाज वेगळा असला, तरी अर्थावरून गोंधळ होऊ शकतो. ‘मोर’ आणि ‘पीकॉक’ ऐकायला भिन्न आहेत, पण दोन्ही एकाच मालावर आले तर गिऱ्हाइकाच्या मनात तोच पक्षी उभा राहतो. म्हणूनच हिंदी-इंग्रजीखेरीज इतर लिपीतल्या नावाच्या अर्जात त्याचे भाषांतरही द्यावे लागते. मराठी नाव निवडणाऱ्याने त्याचे हिंदी आणि इंग्रजी प्रतिशब्दही त्याच वर्गांत शोधून पाहावेत.

या सगळ्यातून एक गोष्ट निसटते. वर्षानुवर्षे बाजारात चालणारे, पण नोंदणीच न केलेले नाव या यादीत दिसत नाही. आधीपासूनच्या वापराला कायदा संरक्षण देतो. त्यामुळे घाऊक बाजार, किराणा दुकाने आणि ऑनलाइन विक्रीची ठिकाणे वेगळी धुंडाळावी लागतात.