पंधरा दिवस पैशांचे, उत्तराचे नव्हेत

‘माझ्या अशिलाच्या सूचनेवरून व माहितीवरून आपणांस ही नोटीस देण्यात येते की...’ इथपर्यंत वाचलं की बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. पुढे ‘फौजदारी कारवाई’, ‘दोन वर्षांपर्यंत कारावास’, ‘होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार’ असे शब्द येतात. मग कोणी कागद घडी घालून कपाटात ठेवतो, कोणी समोरच्याला फोन करून भांडतो, कोणी ‘बघू, पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय’ म्हणत ओळखीचा वकील शोधू लागतो. यात शेवटचा माणूस सगळ्यात शहाणा वाटतो, पण मुळातली चूक त्याचीही होतेय. न वटलेल्या चेकच्या नोटिशीत कायद्याने दिलेले पंधरा दिवस उत्तर देण्यासाठी नसतातच. ते पैसे देण्यासाठी असतात.

हा कायदा म्हणजे 1881 चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आणि त्यातलं कलम 138. चेक न वटणं हा गुन्हा ठरला तो 1988 च्या दुरुस्तीनंतर, 1 एप्रिल 1989 पासून. मात्र चेक परत आला त्या क्षणी गुन्हा होत नाही. चेक परत आला, रीतसर नोटीस गेली, ती मिळाल्यावर पंधरा दिवस उलटले आणि तरीही चेकची रक्कम दिली गेली नाही, तर गुन्हा पूर्ण होतो. म्हणजे नोटीस हातात पडते तेव्हा माणूस अजून आरोपी झालेला नसतो. त्याला अडचणीतून बाहेर पडायला कायद्याने दिलेली ही शेवटची वाट असते.

तारखा कशा धावतात ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. इचलकरंजीतल्या एका यंत्रमागधारकाने सूत व्यापाऱ्याकडून उधारीवर सूत उचललं आणि 10 जून 2025 तारखेचा 2,40,000 रुपयांचा चेक दिला. कापडाचे पैसे पेठेत अडकले, खात्यात शिल्लक राहिली नाही. व्यापाऱ्याच्या बँकेकडून ‘फंड्स इन्सफिशियंट’ असा शेरा मारलेला रिटर्न मेमो 16 जूनला व्यापाऱ्याच्या हाती आला. चेक वटला नाही हे कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. मेमो मिळाला तो दिवस सोडून मोजलं तर नोटीस 16 जुलैपर्यंत टपालात पडायला हवी. पूर्वी ही मुदत 15 दिवसांची होती, 2002 च्या दुरुस्तीने ती दुप्पट झाली. व्यापाऱ्याच्या वकिलाने 4 जुलैला स्पीड पोस्टाने नोटीस धाडली आणि ती 9 जुलैला मागवाल्याला मिळाली.

पंधरा दिवसांचं घड्याळ इथून सुरू होतं. ते नोटिशीवरच्या तारखेपासून चालत नाही, आणि टपालात टाकल्याच्या तारखेपासूनही नाही. नोटीस मिळाल्यापासून चालतं. 9 तारीख सोडून मोजलं की शेवटचा दिवस येतो 24 जुलै. त्या दिवसापर्यंत पैसे मिळाले नाहीत, तर 25 जुलैला व्यापाऱ्याला तक्रारीचं कारण मिळतं आणि मॅजिस्ट्रेटकडे तक्रार गुदरायला तिथून एक महिना. तो पहिला दिवस मोजायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे, त्यामुळे शेवटची तारीख 25 ऑगस्ट. तक्रारीला उशीर झाला आणि सबळ कारण असेल तर कोर्ट तो माफ करू शकतं. नोटिशीच्या 30 दिवसांना अशी सवलत नाही.

घाई करणाऱ्यालाही फटका बसतो. पंधरा दिवस संपायच्या आत दाखल केलेली तक्रार तक्रारच नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला. उलट, व्यापाऱ्याचे ते 30 दिवस हुकले तरी सगळं संपत नाही. चेकची वैधता तारखेपासून तीन महिने असते. तेवढ्या काळात तो पुन्हा बँकेत टाकून, पुन्हा परत आल्यावर नव्याने नोटीस देता येते, हे 2012 च्या निकालाने पक्कं केलं. त्यामुळे ‘पहिल्या वेळी नोटीस आली नाही, सुटलो’ म्हणून निश्चिंत होऊ नये.

आता मागवाल्याच्या बाजूने पाहू. नोटीस मिळाल्या दिवशीच पाकिटावर तारीख लिहून ते जपून ठेवावं. नोटीस टाळण्याचा मार्ग तर मुळीच धरू नये. पोस्टमनला ‘घरी नाहीत’ म्हणून सांगणारे, पाकीट परत पाठवणारे गावोगाव सापडतात. पत्ता बरोबर असेल आणि पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘घर बंद’ अशा शेऱ्यासह परत गेलं, तर नोटीस पोचली असंच कायदा धरून चालतो. केरळातल्या एका प्रकरणात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. ज्याला खरोखरच नोटीस मिळाली नाही त्याच्यासाठी त्याच निकालात एक दार उघडं आहे: कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत त्याने चेकची रक्कम भरावी आणि तक्रार फेटाळण्याची विनंती करावी. तिथेही पैसे न भरणाऱ्याला मग ‘नोटीसच मिळाली नाही’ हे रडगाणं गाता येत नाही.

पाकीट उघडल्यावर आधी रक्कम पाहावी. नोटिशीत मागणी चेकच्या रकमेची असायला हवी. त्याशिवाय 18 टक्के व्याज, नोटिशीचा खर्च, मनस्तापाची भरपाई असं काहीबाही लिहिलेलं असतं. चेकची रक्कम वेगळी दाखवून ते सारं स्वतंत्रपणे मागितलं असेल तर नोटीस बिघडत नाही; पण कलम 138 मधून सुटायला चेकची रक्कम तेवढी पुरते. व्याजाचा वाद दिवाणी कोर्टात चालू शकतो. मात्र चेकचीच रक्कम चुकीची लिहिली असेल, तर टायपिंगची चूक म्हणून ती पोटात घातली जात नाही. एक कोटीच्या चेकसाठी नोटिशीत दोन कोटी लिहिलेल्या एका प्रकरणात सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोटीसच अवैध ठरवली.

देणं खरं असेल आणि पैसे उभे करता येत असतील, तर सगळ्यात स्वस्त उपाय 24 जुलैच्या आत पूर्ण 2,40,000 रुपये देणं हाच. ते आरटीजीएस किंवा एनईएफटीने द्यावेत, तपशिलात चेक क्रमांक लिहावा, त्याच दिवशी वकिलाला लेखी कळवावं आणि मूळ चेक परत मागावा. रोखीने देऊन ‘झालं ना भाऊ’ म्हणण्याचा व्यवहार इथे महागात पडतो. पावती नसते ही एक अडचण. शिवाय एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने व्यापाऱ्याला निषिद्ध आहे. निम्मे पैसे देऊन ‘बाकीचे दिवाळीनंतर’ म्हटलं, तर मुदत थांबत नाही. व्यापारी तोंडाने ‘बरं, बघू’ म्हणेल, पण त्याचा वकील 25 ऑगस्टच्या आत तक्रार टाकल्याशिवाय राहणार नाही, कारण त्याचीही मुदत पळत असते. हप्ते ठरवायचेच असतील तर दोघांच्या सह्यांचा लेखी करार हवा. फोनवरची गयावया नुसती देणं कबूल करते.

खरी गुंतागुंत होते ती देण्याबद्दलच वाद असताना. समजा, मागवाल्याने चेक दिल्यानंतर, तो बँकेत पडण्यापूर्वीच 90,000 रुपये व्यापाऱ्याच्या खात्यावर पाठवले होते. तरी व्यापाऱ्याने पूर्ण 2,40,000 चा चेक वटवायला टाकला आणि नोटीसही तेवढ्याचीच दिली. गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं की, चेकवर अंशतः भरण्याची नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला, तर त्या दिवशी तेवढं देणंच शिल्लक नसतं; मग गुन्हा होत नाही. इथे उत्तर द्यायलाच हवं, आणि त्यासोबत त्या 90,000 चं बँकेचं स्टेटमेंट जोडायला हवं. उरलेल्या दीड लाखाचं देणं मात्र तसंच राहतं. ते आपणहून फेडून टाकणं शहाणपणाचं, कारण व्यापारी दिवाणी दाव्याने ते वसूल करू शकतो.

उत्तर द्यायला कायद्याने कोणतीही मुदत घातलेली नाही. तरी ते त्याच पंधरा दिवसांत गेलेलं बरं. चेकवर सही आपली आहे एवढं सिद्ध झालं की तो देण्यापोटीच दिला होता असं कलम 139 नुसार कोर्ट गृहीत धरतं, आणि तसं नव्हतं हे दाखवण्याचं ओझं चेक देणाऱ्यावर येतं. कोरा चेक सही करून दिला होता, बाकी मजकूर समोरच्याने भरला, एवढ्याने हे ओझं उतरत नाही. अशा वेळी नोटिशीला गप्प बसलेला माणूस दोन वर्षांनी उलटतपासणीत ‘माल खराब होता’ म्हणतो, तेव्हा ‘मग तेव्हाच का नाही लिहिलंत?’ हा प्रश्न हमखास येतो. 2010 मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात आरोपीने नोटिशीला उत्तर दिलं नव्हतं, हेही सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध धरलं.

म्हणून उत्तर छोटं आणि कागदांना धरून असावं. माल खराब असेल तर तेव्हाचा व्हॉट्सॲप संदेश किंवा परत पाठवल्याचं चलन. चेक हरवला असेल तर त्याच वेळी बँकेला दिलेलं पत्र. ‘स्टॉप पेमेंट’ दिलं म्हणून कलम 138 लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. खातं बंद केलं तरी लागतं.

पंधरा दिवस वाया गेल्यावर मार्ग राहतात, पण प्रत्येक टप्प्यावर खर्च वाढत जातो. ही पोलिसांनी उचलून नेण्याची बाब नाही. व्यापारी मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करतो आणि गुन्हा जामीनपात्र आहे. आरोपीने गुन्हा नाकबूल केला, तर खटला चालू असतानाच चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत, म्हणजे आपल्या उदाहरणात 48,000 रुपयांपर्यंत, अंतरिम भरपाई द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तडजोड मात्र कोणत्याही पायरीवर होते. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये तिचे दर नव्याने ठरवून दिले. आरोपीचा बचावाचा पुरावा सुरू होण्याआधी चेकची रक्कम भरली तर जादा काही नाही; त्यानंतर पण निकालाआधी 5 टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात 7.5 टक्के, सर्वोच्च न्यायालयात 10 टक्के. जिल्हा न्यायालयांनी क्यूआर कोड किंवा यूपीआयने पैसे भरायची सोय करावी आणि समन्समध्येच तिचा उल्लेख असावा, असाही आदेश त्यात आहे. त्यामुळे समन्स आल्यावर ते ओळीओळीने वाचावं: त्यात पैसे भरायचा दुवा दिलेला असू शकतो.