खिसा कुठे संपतो, कट कुठे सुरू होतो

पहिलं सँपल टेबलावर पसरलेलं होतं आणि मास्टर काही न बोलता त्याच्या उजव्या बाजूकडे बोट दाखवत होते. कुर्ता सुती, फिक्या निळ्या केंब्रिकचा, गुडघ्याखाली जाणारा. कटातून पांढरट कापडाचा एक कोपरा डोकावत होता, बंडीच्या खिशातून रुमाल लोंबावा तसा. ती खिशाची पिशवी होती.

"ताई, तुम्ही लिहिलंय तसंच शिवलंय," मास्टर म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. मी लिहिलं होतं तसंच शिवलं होतं.

टेक पॅक म्हणजे कपड्याची लेखी हकिकत. चित्र, मापं, शिवणी, आणि बटणापासून लेबलापर्यंतच्या किरकोळ वस्तूंची यादी. तो वाचणारा माणूस शंभर किलोमीटरवर बसलेला असतो आणि मला फोन करायला त्याला वेळ नसतो. जे लिहिलेलं नाही ते तो आपल्या हाताच्या सवयीनं भरून काढतो. ती सवय बहुतेक वेळा चांगलीच असते, म्हणून तर टेक पॅकमधल्या निम्म्या चुका कधी उघडकीला येत नाहीत. ही आली.

चित्रापासून सुरुवात करते. आम्ही फ्लॅट स्केच काढतो तेव्हा त्यात बाई नसते, झुळझुळ नसते. कपडा टेबलावर इस्त्री करून पसरला आहे असं समजून पुढची आणि मागची बाजू काढायची. अखंड रेघ म्हणजे शिवण, तिच्या शेजारची तुटक रेघ म्हणजे वरून दिसणारी टीप. एवढाच संकेत, पण तो कडक पाळावा लागतो. कटाच्या कडेला तुटक रेघ काढली नाही तर कारागीर कड आतून हातानं टाके घालून बसवेल किंवा आतल्या आत चिकटवून मोकळा होईल, आणि चूक माझी ठरेल. अर्धं अंग काढून संगणकावर त्याची उलटी प्रत जोडायची, म्हणजे दोन्ही बाजू हुबेहूब येतात. त्यात एक खोड आहे: गळ्याच्या पट्टीचा उघडा भाग उजवीकडून डावीकडे जातो की उलट, हे त्या नकलेत हमखास विसरलं जातं. तिथे बाण काढून लिहावं लागतं.

माझ्या चित्रात खिसा होता. बाजूच्या शिवणीत दडलेला, वरून दिसायला नुसती एक रेघ. खिशाची पिशवी आत असते, म्हणून फ्लॅट स्केचमध्ये ती दिसतच नाही. आणि जे चित्रात दिसत नाही त्याबद्दल कुणाच्या डोक्यात विचार येत नाही, माझ्यासुद्धा.

मापांच्या पानावर मी लिहिलं होतं: मुंढ्याच्या टोकापासून खिशाचं तोंड २० सें.मी. खाली, तोंडाची लांबी १५. मुंढ्यापासून कटाचं टोक ३८ सें.मी. पिशवी तोंडाखाली ११ सें.मी. खोल. चारही आकडे वेगवेगळे पाहिले तर चांगले होते. खिशाचं तोंड हाताला सोयीचं, कट कंबरेच्या बराच खाली, पिशवी ऐसपैस. आता ते एकत्र मांडून पाहा. तोंड २० वर सुरू, १५ लांब, म्हणजे ३५ वर संपलं. पिशवी आणखी ११ खाली, म्हणजे तिचा तळ ४६ वर. आणि कट ३८ वरच उघडला. पिशवीचे शेवटचे ८ सें.मी. उघड्यावर आले. माझ्या पानावर ही चार मापं चार वेगळ्या ओळींत होती, एकमेकांपासून बरीच दूर. बेरीज कुणीच केली नाही.

नव्या पानावर आकडे असे झाले: खिशाचं तोंड १८ वर सुरू, लांबी १४, म्हणजे ३२ वर संपलं. पिशवी तोंडाखाली ९, तिचा तळ ४१ वर. कटाचं टोक ४२ वर. मधे १ सें.मी. राहतो. त्याची किंमतही सांगते. एवढ्या खोलीत मोबाइल पूर्ण बसत नाही. त्याचा निम्मा भाग तोंडाच्या मागे उभा राहतो आणि खाली बसताना बाहेर सरकू शकतो. किल्ल्या, रुमाल, सुटे पैसे यांचा हा खिसा. पिशवी खोल हवी असेल तर कट आणखी खाली न्यावा लागतो, आणि मग कुर्ता चालताना पायांत अडकायला लागतो. दोन्ही मिळत नाही.

कटाचं माप कुठून घ्यायचं हा प्रश्न यातूनच निघाला. बरेच जण ते खालच्या दुमडीपासून वर मोजतात, कारण फीत तिथे लावायला सोपी. मी मुंढ्यापासून खाली मोजते. कुर्त्याची लांबी पुढे कुणी १० सें.मी.नं कमी केली तरी कटाचं टोक कंबरेकडे चढत नाही, फक्त कट तोकडा होतो. मापाच्या प्रत्येक ओळीत दोन टोकं असावी लागतात, हे मी पहिल्या वर्षी शिकले: 'छाती ५१' असं नुसतं लिहिलं तर ते काही लिहिलं नाही. मुंढ्याच्या टोकाच्या २.५ सें.मी. खाली, कपडा सपाट पसरून, ताणल्याशिवाय, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, अर्धी छाती. तेव्हा कुठे दोन माणसांची फीत एकच आकडा सांगते.

त्या आकड्यापुढे सूट लिहायची असते, म्हणजे किती वरखाली झालेलं चालेल. एम साइजची अर्धी छाती ५१, एलची ५३.५. सूट दोन्हीकडे १ सें.मी. दिली तर एम जास्तीत जास्त ५२, एल कमीत कमी ५२.५. दोन्हींत अजून अर्धा सें.मी. अंतर आहे. सूट १.५ केली तर एम ५२.५ होऊ शकतो आणि एल ५२, म्हणजे लेबलवर एल असलेला कुर्ता एमपेक्षा लहान. गिऱ्हाइकाला ते समजावून सांगता येत नाही.

आणि हे सगळे आकडे धुतल्यानंतरचे, हे पानाच्या डोक्यावरच लिहायचं. कापड आल्यावर आम्ही त्याच्यावर ५० बाय ५० सें.मी.चा चौकोन मारतो, धुऊन वाळवून पुन्हा मोजतो. या कापडाची उभी बाजू ४८ झाली, आडवी ४९. म्हणजे लांबीत ४ टक्के, रुंदीत २. लांबी ११० हवी असेल तर ११० भागिले ०.९६, म्हणजे पॅटर्न साधारण ११४.६ सें.मी.चा लागतो. छातीला ५१ भागिले ०.९८, म्हणजे ५२. हा हिशेब कोण करणार, मी की मास्टर, हे लिहिलं नाही तर कधीकधी दोघंही करतात. मग कुर्ता मापापेक्षा मोठा येतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो.

आता शिवणींकडे, कारण मास्टरांची खरी तक्रार तिथे होती. मी डोळे मिटून एक ओळ लिहिली होती: 'सर्व शिवणी फ्रेंच.' फ्रेंच शिवणीत कडा आत गाडल्या जातात आणि आतली बाजूही बाहेरच्याइतकी नेटकी दिसते. पद्धत अशी: कापडाच्या उलट्या बाजू एकमेकांना लावून ६ मि.मी.वर पहिली टीप, मग कड ३ मि.मी. उरेल इतकी कातरायची, कापड उलटवायचं, सुलट बाजू एकमेकांना लावून ८ मि.मी.वर दुसरी टीप. कड आत कोंडली जाते. कातरताना आळस झाला तर सुताचे केस दुसऱ्या टिपेतून सुलट बाजूला डोकावतात. शिवणीवर बोट फिरवलं की लगेच कळतं.

खांद्याला ही शिवण उत्तम. मुंढ्याला पातळ कापडात जमते. पण बाजूच्या शिवणीत खिसा आहे आणि शेवटी कट. फ्रेंच शिवणीत दोन्ही कडा एकत्र गुंडाळलेल्या असतात, त्या एकाच बाजूला झुकतात. कटाच्या टोकाशी मात्र पुढची कड पुढे आणि मागची मागे वळायला हवी. हे होण्यासाठी कारागिरानं शिवणीत आडवी चीर दिली होती, टिपेपर्यंत. ती चीर उघडी राहते. सँपल तीन वेळा धुतलं तेव्हा त्या टोकाशी धागे निघायला लागले आणि कापड पापण्यांसारखं विस्कटलं.

मग मास्टरांनी कागद ओढून घेतला आणि पेन्सिलीनं कड काढून दाखवली. बाजूला साधी शिवण, १.५ सें.मी.ची कड, दोन्ही कडा सुट्या सुट्या ओव्हरलॉक केलेल्या, मग फाकवून इस्त्री. कटाजवळ शिवण थांबते आणि त्याच कडा न कापता आपापल्या बाजूला वळतात. टोकाला एक बारटॅक, म्हणजे दाट टाक्यांची छोटी गाठ. चीर द्यायची गरजच पडत नाही.

पानावर ते असं आलं: आधी बाही फ्रेंच शिवणीनं मुंढ्याला बसवायची. मग बाहीच्या तोंडापासून खालच्या दुमडीपर्यंत पुढची कड एका सलग दमात ओव्हरलॉक, मागची वेगळी. त्यानंतर खिसा, आणि शेवटी साधी टीप, इंचाला १० ते १२ टाके. टाक्याचे क्रमांक लिहून ठेवले, साधी टीप ३०१, तीन धाग्यांचा ओव्हरलॉक ५०४, कारण भाषा बदलली तरी क्रमांक बदलत नाही. पण क्रम मी जास्त ठळक लिहिला. ओव्हरलॉक नंतर करायचा म्हटलं तर खिशाची पिशवी मध्ये येते आणि मशीनच्या पात्यात जाते.

बटणांचं फार नाही. गळ्याच्या पट्टीला १८ लाइनची चार नारळाच्या करवंटीची बटणं. ४० लाइन म्हणजे एक इंच, म्हणून १८ लाइन म्हणजे ११.४ मि.मी. करवंटीचं बटण प्लास्टिकपेक्षा जाड येतं, साधारण ३ मि.मी. काजाची लांबी व्यास अधिक जाडी धरून १५ मि.मी. लिहिली. बटण पुरवणाऱ्यानं पातळ माल पाठवला तर काज ढिलं पडतं आणि गळा आपोआप उघडतो, म्हणून जाडीही यादीत आली. एक जास्तीचं बटण आतल्या लेबलला.

दुसरं सँपल आलं तेव्हा मी फीत घेऊन पहिल्यांदा कटाकडेच गेले. कुर्ता मधल्या टेबलावर पसरला, कटाची दोन टोकं फाकवली आणि आत डोकावले. पिशवी दिसली नाही. मास्टर म्हणाले, "आता एका ठिकाणी लिहून टाका." मी लिहिलं: खिशाच्या पिशवीचा तळ ते कटाचं टोक, १ सें.मी. सूट अधिक १, उणे शून्य.