अडगळीच्या खोलीची किल्ली

माझी मावसबहीण आणि तिचा नवरा मे महिन्यात कोथरूडला भाड्याचं घर बघायला गेले. तिसरा मजला, दोन बेडरूम, हवेशीर, भाडं महिना २२ हजार. एजंटाने सगळ्या खोल्या फिरून दाखवल्या आणि स्वयंपाकघराशेजारच्या बंद दारासमोर नुसता हात केला. "ही स्टोअर रूम. काकांचं थोडं सामान आहे, काढून घेतील ते." बहिणीने दार उघडायला लावलं. आत सुटे केलेले दोन पलंग, एक अखंड लाकडी कपाट, छतापर्यंत रचलेल्या गाद्या आणि खाली तीन पत्र्याच्या ट्रंका होत्या. पाय ठेवायला जागा नव्हती.

"काढून घेतील" हे वाक्य भाड्याच्या घरांमध्ये फार ऐकू येतं, आणि टोकन देऊन करार नोंदवून झाला की ते बहुधा तसंच राहतं. मालक वाईट असतो म्हणून नव्हे. तो नाशिकला किंवा मुलीकडे परदेशात असतो, सामान आईवडिलांचं असतं, ते कुठे न्यायचं हे त्यालाही कळत नसतं. भाडं सुरू झालं की मग त्याच्या दृष्टीने घाईचं असं काही उरत नाही. म्हणून खोली रिकामी करून मागायची ती टोकनच्या आधी, फार तर कराराच्या नोंदणीआधी.

त्या खोलीचा हिशोब बहिणीने तिथेच मांडला. खोली ६ बाय ८ फूट, म्हणजे ४८ चौरस फूट. घराचं चटईक्षेत्र ६००. २२ हजारांच्या भाड्यात त्या खोलीचा वाटा महिना १,७६० रुपये होतो आणि अकरा महिन्यांत १९,३६०. दुसऱ्याचं सामान सांभाळण्यासाठी आपण एवढे पैसे देणार, हे असं आकड्यात दिसलं की बोलायला संकोच वाटत नाही. बोलणंही त्याच आकड्यावर करता येतं: खोली द्या, किंवा ती वगळून भाडं धरा.

पैशांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती भिंतीची. सामान भिंतीला टेकून वर्षानुवर्षं पडलेलं असेल तर मागची ओल दिसत नाही. पावसाळ्यात बाथरूमकडची भिंत पाझरते, लाकूड ते पाणी धरतं आणि वाळवीला हवं तेच मिळतं. ओळखायला अवघड नाही. कपाटामागे किंवा चौकटीच्या कडेने मातीच्या बोटभर रुंद रेघा वर चढलेल्या दिसल्या, फळीवर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, की वाळवी आहे असं समजावं. गाद्यांच्या शिवणी उलटून बघाव्यात, काळे बारीक ठिपके असतील तर ते ढेकणांचे. असं सामान तसंच ठेवून शेजारच्या खोलीत आपला पलंग लावला तर दोन महिन्यांत ते आपल्याकडे येतं, आणि घर सोडताना "तुमच्या काळात वाळवी लागली" म्हणून डिपॉझिटमधून रक्कम कापली जाते. त्या वेळी दाखवायला आपल्याकडे काहीच नसतं.

बहिणीने त्याच संध्याकाळी मालकांना जो निरोप पाठवला तो मी तिच्या परवानगीने जसाच्या तसा देते.

"काका, नमस्कार. घर आम्हाला मनापासून आवडलं. स्टोअर रूममध्ये दोन पलंग, एक लाकडी कपाट, सात गाद्या आणि तीन ट्रंका आहेत, फोटो सोबत पाठवते. ती खोली आम्हाला सासूबाईंच्या सामानासाठी लागणार आहे. २५ तारखेपर्यंत रिकामी करून मिळेल का? टेम्पो आणि माणसं हवी असतील तर आम्ही इथून बघून देऊ, खर्च तुमच्याकडे असेल तर आधी आकडा कळवू. ट्रंका मात्र तुमच्यापैकी कोणीतरी आल्यावरच उघडूया. खोली मोकळी झाली की लगेच करार नोंदवू."

यात तक्रार कुठेच नाही. काय काय आहे ते मोजून सांगितलं आहे, तारीख दिली आहे, काकांची खरी अडचण म्हणजे हमाल आणि टेम्पो, तीही सोडवली आहे, आणि नोंदणी पुढे ठेवली आहे. काकांचा फोन रात्रीच आला.

ट्रंकांबद्दलचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मालक फोनवर सहज म्हणून जातात, "जुनंच आहे, देऊन टाका भंगारात." तोंडी परवानगीवर तसं कधीही करू नये. वस्तू त्यांच्या मालकीच्या आहेत आणि पुढे कोणा भावाबहिणीने विचारलं तर उत्तर आपल्याला द्यावं लागतं. काका रविवारी आले, ट्रंका उघडल्या. दोनांत जुने कपडे निघाले. तिसरीत, शालीखाली, त्यांच्या वडिलांच्या नोकरीचे कागद आणि गावच्या जमिनीचे जुने सातबारा उतारे होते. काका बराच वेळ जमिनीवरच बसून ते वाचत राहिले.

बाकीचं सामान हलवणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. भंगारवाला लोखंड आणि पत्रा घेतो, लाकडाकडे बघत नाही. जुनं सागवान असेल तर जुन्या फर्निचरच्या दुकानदाराला बोलवावं. अखंड कपाट लिफ्टमध्ये मावत नाही, त्यामुळे सुतार बोलावून ते आधी सोडवावं लागतं. कापसाच्या गाद्या गादीवाला पिंजून पुन्हा भरून देतो, फोमच्या गाद्यांना मात्र घेणारा मिळत नाही. सोसायटीच्या जिन्यात किंवा पार्किंगमध्ये "दोन दिवसांसाठी" काहीही ठेवू नये, तिथून भांडणं सुरू होतात. इथे सुतारासकट अर्धा दिवस आणि छोट्या हत्तीच्या दोन फेऱ्या लागल्या.

खोली रिकामी करणं मालकांना शक्यच नसेल, तर ती सरळ करारातून वगळावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. त्यामुळे लिहून घेण्यात मालकाचाही फायदा आहे. खोली भाड्यात धरलेली नाही, कुलूप आणि किल्ली मालकाकडे राहील, यायचं असल्यास एक दिवस आधी कळवतील, आत वाळवी किंवा गळती झाल्यास दुरुस्ती मालक करतील: एवढी चार वाक्यं पुरतात. किल्ली कोणाकडे हे नक्की लिहावं. ती आपण घेतली तर ते सामान आपल्या ताब्यात दिल्यासारखं होतं, आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार स्वतःच्या वस्तूंची शहाणा माणूस घेईल तेवढी काळजी त्याची घेणं आपल्यावर येतं.

बहिणीच्या घरात एक वस्तू राहिली. दोन पलंगांपैकी एक सागवानी होता, वाळवी न लागलेला, आणि काकांना तो टाकवेना. सासूबाईंना तो उंचीला सोयीचा वाटला. करारासोबतच्या सामानाच्या यादीत पंखे आणि गीझरच्या खाली त्याची नोंद झाली: "सागवानी पलंग, एक, उजव्या पायाला जुनी चीर." चिरेचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये आहे.