जस्तानंतरच्या दोन रिकाम्या जागा

जस्ताचा अणुभार ६५ आणि आर्सेनिकचा ७५. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या दोहोंच्या मध्ये बसेल असे एकही मूलद्रव्य खात्रीने माहीत नव्हते. १८६९ मध्ये सेंट पीटर्सबर्गचे प्राध्यापक दिमित्री मेंडेलीव यांनी तेव्हा ज्ञात असलेली साठेक मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने आणि सारख्या गुणांची एका गटात येतील अशी मांडायला घेतली, तेव्हा आर्सेनिकपाशी गाडी अडली. नुसता क्रम पाळला तर जस्तानंतर आर्सेनिक येणार आणि ते ॲल्युमिनियमच्या गटात जाऊन बसणार. पण आर्सेनिकचे वागणे तर फॉस्फरससारखे! त्याची संयुगे, ऑक्सिजनशी जुळण्याचे त्याचे प्रमाण, सगळे फॉस्फरसकडे बोट दाखवत होते. मेंडेलीव यांनी आर्सेनिक दोन घरे पुढे सरकवले आणि मधल्या दोन जागांवर प्रश्नचिन्हे टाकली.

हे आज सोपे वाटते, पण दुसरा रस्ताही उपलब्ध होता आणि इंग्लंडच्या जॉन न्यूलँड्स यांनी तो आधी धरला होता. दर आठव्या मूलद्रव्याला गुण परत दिसतात, हे त्यांनी ओळखले होते. मात्र आपल्या अष्टकांत त्यांनी जागा मोकळ्या ठेवल्या नाहीत. कोबाल्ट आणि निकेल एकाच चौकटीत कोंबले, तर जस्त आणि आर्सेनिक यांच्यामध्ये यिट्रियम आणि इंडियम बसवले. इंडियमचा अणुभार तेव्हा ७५.६ मानला जात असे, म्हणून ते तिथे खपलेही. इंडियमचा एक अणू ऑक्सिजनशी कोणत्या प्रमाणात जुळतो, याविषयीचे गृहीतकच चुकले आहे, असे मेंडेलीव यांनी पुढे दाखवले आणि अणुभार दीडपट करून ११३ वर नेला. आजची किंमत ११४.८ आहे. म्हणजे नुसती रिकामी जागा सोडून भागत नव्हते. तिथे घुसू पाहणाऱ्याला त्याच्या खऱ्या घरी पाठवावेही लागत होते.

एकदा रिकाम्या जागेचे शेजारी पक्के झाले की पुढचा हिशेब शाळकरी मुलालाही जमावा. दोन जागांपैकी दुसरी घ्या. तिच्या वर सिलिकॉन (२८), खाली कथील (११८), आडव्या ओळीत एकीकडे जस्त (६५) आणि दुसरीकडे आर्सेनिक (७५). चौघांची बेरीज २८६, सरासरी ७१.५. मेंडेलीव यांनी १८७१ मध्ये या अज्ञात मूलद्रव्याचा अणुभार ७२ सांगितला, घनता ५.५ सांगितली आणि त्याचे क्लोराइड शंभर अंशांच्या आतच उकळेल, असेही लिहिले. नाव दिले ‘एकासिलिकॉन’. त्यातला ‘एक’ संस्कृतातला. पहिल्या जागेचे नाव अर्थातच ‘एकाॲल्युमिनियम’.

पहिली जागा आधी भरली. १८७५ मध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांना पिरेनीज पर्वतातल्या जस्ताच्या खनिजाच्या वर्णपटात दोन अनोळखी जांभळ्या रेषा दिसल्या. त्यांनी धातू वेगळा केला आणि त्याला गॅलियम हे नाव दिले. हेच आपले एकाॲल्युमिनियम, असे मेंडेलीव यांनी कळवले. अडचण एकच होती: ब्वाबोद्राँ यांनी मोजलेली घनता ४.७ होती आणि भाकीत ५.९ ते ६ चे. धातू हातात नसलेल्या माणसाने तो हातात असलेल्याला ‘तुमचे मोजमाप पुन्हा करा’ सांगणे हा आगाऊपणाच म्हणायचा. पण ब्वाबोद्राँ यांनी धातू काळजीपूर्वक शुद्ध करून पुन्हा मोजला. उत्तर आले ५.९.

दुसऱ्या जागेची गंमत वेगळी. १८८६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्ग इथे क्लेमेन्स विंक्लर आर्जिरोडाइट या चांदीच्या खनिजाचे पृथक्करण करत होते. सगळे घटक मोजूनही दर वेळी सुमारे सात टक्के वजनाचा हिशेब लागेना. त्या तुटीतूनच जर्मेनियम निघाले. पण ते नेमके कोणत्या रिकाम्या जागेचे? विंक्लर यांना आधी ते अँटिमनीच्या गटातले वाटले, आणि खुद्द मेंडेलीवही सुरुवातीला त्याला कॅडमियमच्या शेजारी बसवू पाहत होते. अणुभार ७२.३, घनता ५.४७ आणि क्लोराइडचा उत्कलनबिंदू ८६ अंश, हे आकडे आल्यावर वाद मिटला. एकासिलिकॉन सापडले होते.

या रीतीला मर्यादा होत्या. शेजारी माहीत असतील तरच मधला ओळखता येतो. ज्याचा एकही सदस्य ठाऊक नव्हता, तो अरगॉन-हेलियमचा अख्खा गट मेंडेलीव यांना दिसला नाही. आयोडीनच्या आधी येणाऱ्या टेल्युरियमचा अणुभार आयोडीनपेक्षा जास्त भरत होता, तेव्हा मोजमाप चुकले असणार, असा त्यांनी धोशा लावला. इथे मात्र मोजमापच बरोबर होते. क्रम ठरवतो तो अणुभार नव्हे, अणुक्रमांक, हे हेन्री मोसली यांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांतून १९१३ मध्ये स्पष्ट झाले. मँगनीजखालची जागा तर बरोबर सोडूनही दशकानुदशके रिकामी राहिली. कितीही खनिजे तपासली तरी उपयोग नव्हता, कारण त्या मूलद्रव्याचे एकही समस्थानिक टिकाऊ नाही आणि पृथ्वीच्या जन्मावेळचा साठा केव्हाच विघटित झाला होता. १९३७ मध्ये एमिलियो सेग्रे आणि कार्लो पेरिए यांना ते पालेर्मोमध्ये मिळाले, तेही बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. त्याला टेक्नेशियम हे नाव मिळायला आणखी दहा वर्षे गेली.