नळ गळतो आहे, कळवावे

पुण्यात नोकरीला आलेली माझी एक विद्यार्थिनी मूळची लखनौची. वर्षभरात मराठी बोलायला लागली, पण घरमालकांना मेल लिहायची वेळ आली तेव्हा तिने लिहिलं : ‘काका, नळ खराब आहे, लवकर ठीक करा.’ व्याकरणात चूक नाही, पण हा तर हुकूम झाला. शिवाय ‘खराब’ म्हणजे नेमकं काय, हे कुणाला कळणार?

म्हणून आधी आम्ही नळच पाहिला. घट्ट बंद करूनही तोंडातून पाणी टपकत असेल, तर बहुधा आतला वायसर झिजलेला असतो. नळ सुरू केल्यावर मुठीपाशी पाणी झिरपलं, तर दोष वरच्या पॅकिंगचा. हिचा नळ पहिल्या जातीचा होता. खाली एक लिटरचा मग ठेवला, तो चाळीस मिनिटांत भरला, म्हणजे दिवसाला 36 लिटर! मग मेल असा झाला :

विषय : स्वयंपाकघरातील गळका नळ दुरुस्त करून मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.
आपल्या सदनिकेतील सिंकचा नळ सोमवारपासून गळत आहे. घट्ट बंद केला तरी चाळीस मिनिटांत सुमारे एक लिटर पाणी वाया जाते. कृपया शनिवारपर्यंत नळ दुरुस्त करून द्यावा. मी स्वतः प्लंबर बोलावलेला चालणार असेल, तर तसे कळवावे. खर्चाची पावती पाठवीन. फोटो सोबत जोडला आहे.
आपली विश्वासू,

‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. समोर ‘काका’ म्हणणारी व्यक्तीही मेलमध्ये ‘महोदय’ लिहिते. त्यात दुरावा नाही, रीत आहे.

खरी मेख आहे ‘द्यावा’मध्ये. ‘करा’ ही आज्ञा, ‘करून द्यावा’ ही विनंती. पण हे रूप ज्या वस्तूबद्दल मागणं आहे तिच्या लिंगाप्रमाणे फिरतं : नळ बदलून द्यावा, तोटी बदलून द्यावी, काम करून द्यावे. मागणारी बाई आहे म्हणून ‘द्यावी’ होत नाही. इथे ती तीनदा अडखळली. ‘तसे कळवावे’ला मात्र वस्तूच नाही, तिथे नपुंसकलिंग ठरलेलं.

आता खर्च कुणाचा? पुण्यातली बहुतेक भाड्याची घरं लीव्ह अँड लायसन्स करारावर असतात, आणि किरकोळ दुरुस्ती कुणी करायची हे त्या करारातच पाहावं लागतं. हिच्या करारात ती भाडेकरूकडेच होती! म्हणून शेवटी मेलमधलं ‘दुरुस्त करून द्यावा’ काढलं आणि ‘दुरुस्त करून घेण्यास आपली परवानगी असावी’ असं घातलं. विषयातलं ‘मिळण्याबाबत’ही ‘घेण्याबाबत’ झालं, आणि पावतीचा उल्लेख गळला. तासाभरात उत्तर आलं : ‘करून घ्या. जुना वायसर टाकू नका, त्याच मापाचा आणायला सांगा.’